स्टिकर फोटोवर आहे की फोटोत मुरला आहे?

फोटोवरचा स्टिकर किंवा मजकूर काढता येईल का, हे तो कसा दिसतो यावरून कळत नाही. फाइलमध्ये तो कसा साठवलाय, यावर ते अवलंबून असतं.

स्टिकर वेगळ्या लेयरवर असेल, तर त्याच्या खालचं अख्खं चित्र फाइलमध्ये शाबूत असतं. संगणक प्रत्येक वेळी दोन्ही एकावर एक ठेवून दाखवतो, एवढंच. अशा स्टिकरवर टॅप केलं की भोवती चौकट येते, तो सरकवता येतो, मजकुरात कर्सर फिरतो. डिलीट केला की खालचं चित्र जसंच्या तसं समोर येतं. फोटोशॉपची `.psd` आणि गिंपची `.xcf` फाइल लेयर सांभाळून ठेवते. पण नुसत्या नावावर विसंबू नका: लेयरच्या यादीत एकच ओळ दिसली, तर कुणीतरी आधीच सगळं एकत्र करून टाकलेलं असू शकतं. `.jpg` मध्ये तर लेयर राहूच शकत नाहीत. साध्या `.png` मध्ये पारदर्शकता असते, लेयर नसतात.

एकत्र करताना नेमकं काय होतं? एका पिक्सेलची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. खालच्या पिक्सेलची उजळता १०० आहे आणि वर पूर्ण अपारदर्शक पांढरं अक्षर आलं, तर फाइलमध्ये २५५ लिहिलं जातं. खाली १०० होतं की २०, याचा मागमूसही उरत नाही. अक्षर निम्मं पारदर्शक असेल, तर दोन्हींची सरासरी १७७.५ येते आणि पूर्णांकात १७८ साठवली जाते. आता उलटं गणित करा: १७८ ची दुप्पट, वजा २५५, म्हणजे १०१. मूळ आकडा जवळपास परत मिळाला! म्हणूनच फिकट वॉटरमार्कखालचं चित्र बरंचसं सोडवता येतं, भरीव स्टिकरखालचं नाही. तिथे मिटवण्याचं साधन आजूबाजूचे रंग पाहून अंदाजाने जागा भरतं. मागे आकाश असेल तर ते खपून जातं, चेहरा असेल तर तो चेहरा खोटा असतो.

जेपीजीमध्ये आणखी एक अडचण येते. हा प्रकार चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती आवळतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांबाहेर बारीक ठिपक्यांची धूसर किनार पसरते. झूम केलं की ती दिसते. फक्त अक्षराच्या आकाराइतकाच भाग मिटवला, तर ती किनार मागे राहते आणि अक्षर पुसट का होईना, वाचता येतं.

आता माहिती झाकायची असेल, तेव्हा हेच सगळं उलट लागू होतं, आणि इथली चूक महागात पडते. पीडीएफमधल्या मजकुरावर नुसती काळी पट्टी ओढली, तर खालची अक्षरं सिलेक्ट करून कॉपी करता येतात. फोनमधल्या हायलायटरने खाते क्रमांक काळा केला, तर उजळता वाढवून तो वाचता येऊ शकतो, कारण ती शाई थोडी पारदर्शक असते. त्यामुळे भरीव चौकोन वापरा, चित्र `.jpg` म्हणून बाहेर काढा आणि ती नवी फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पट्टीवर टॅप करून बघा. चौकट आली, तर ती फाइल पाठवू नका.