लग्नाची ड्रोन पोस्ट आणि रानाची ड्रोन पोस्ट: ड्रोन एकच असला तरी पोस्ट एक चालत नाही

आमचा स्टुडिओ तासगाव भागातला, मी आणि माझा धाकटा भाऊ, दोन कॅमेरे आणि एक ड्रोन. पहिल्या वर्षी आम्ही एकच पोस्ट करून सगळीकडे टाकली होती, "लग्न, साखरपुडा, शेती, प्लॉट, सर्व प्रकारचे ड्रोन शूटिंग योग्य दरात". वर लग्नाचा फोटो, खाली द्राक्षबागेचा फोटो, मध्ये नंबर. फोन भरपूर आले पण कामं फार थोडी मिळाली, आणि का ते कळायला मला एक आख्खा सीझन लागला.

बागायतदारांचे जे फोन यायचे त्यातला जवळजवळ प्रत्येक असा सुरू व्हायचा, "दादा, स्टेटसला ड्रोनचं बघितलं, फवारायला एकरी किती घेताय?" चूक त्यांची नव्हती. रानात ड्रोन म्हटलं की आता माणसाच्या डोळ्यासमोर दहा लिटरची टाकी लावलेला फवारणीचा ड्रोनच येतो, आणि आमच्या पोस्टमध्ये "शेती" आणि "ड्रोन" हे दोन शब्द शेजारी होते, एवढं त्यांना पुरेसं होतं. दुसरे फोन मोजणीचे, बांध कोरलाय, हद्द काढून द्या म्हणून. आणि लग्नघरातले लोक तर ती पोस्ट बघून पुढंच जात होते, कारण ज्याच्या पोस्टमध्ये बागेचा फोटो आहे तो माणूस आपल्या मुलीच्या लग्नाला कसा चालेल असं आईवडिलांना वाटणारच ना.

म्हणून दोन्ही पोस्ट वेगळ्या केल्या. आता नुसते फोटो बदलले, "लग्न" काढून "शेती" लिहिलं म्हणजे झालं असं वाटतं, पण तसं नाहीये. लग्नघराला भीती असते आणि बागायतदाराला शंका असते, पोस्टने आधी ते ओळखायला पाहिजे.

लग्नघराची भीती कसली, तर ड्रोन डोक्यावर भुणभुण करत फिरेल, मंगलाष्टकं ऐकू येणार नाहीत, एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या अंगावर पडला तर काय. ही भीती खरी आहे. छोटा ड्रोनसुद्धा पंधरा-वीस मीटरवर असला तरी आवाज चांगलाच येतो, आणि अक्षतांच्या वेळी तो मांडवावर खाली आणला तर पंख्यांच्या वाऱ्याने अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या भलतीकडे उडतात, तांदूळ पंख्यात जायचा धोका वेगळाच. त्यामुळं आम्ही अक्षतांना ड्रोन मांडवाच्या कडेला, माणसांच्या डोक्यावर नाही, तीसेक मीटर लांब आणि तेवढाच उंच ठेवतो, आणि हे पोस्टमध्येच लिहितो. अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते की आमच्यासारख्या छोट्या कॅमेरा ड्रोनमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही. "मंगलाष्टकांचा आवाज नीट येईल ना?" हे विचारणारे खूप भेटतात, तर तो आवाज स्टेजवरच्या कॅमेऱ्याला माईक लावून घ्यायचा असतो आणि नंतर एडिटिंगमध्ये ड्रोनच्या चित्राला जोडायचा असतो. हे आधी सांगितलं नाही तर व्हिडिओ हातात पडल्यावर वाद होतो.

आमची लग्नाची पोस्ट आता अशी असते:

"तुमच्या घरच्या लग्नात आमचा ड्रोन तीनच वेळा उडेल. परण्या निघताना, अक्षतांच्या वेळी मांडवाच्या कडेने लांबून, आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ग्रुप फोटोला. बाकीचे विधी चालू असताना आणि पाठवणीच्या वेळी ड्रोन खालीच राहील. फोन करताना तारीख, मुहूर्ताची वेळ आणि हॉलचं नाव सांगा."

पाठवणीचं वाक्य मी स्वतः हट्टाने घातलं. तिथं मुलगी रडत असते, आई रडत असते, वरून घेतलेल्या शॉटला त्यात काही सापडत नाही आणि खालची माणसं मात्र आवाजाने वर बघायला लागतात. एका घरच्या काकूंनी फोनवर सांगितलं की त्या एका वाक्यामुळे आम्ही तुम्हाला फोन केला. हॉलचं नाव का मागतो, तर विमानतळ. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा यलो झोनमध्ये येतो, तिथं जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि त्याहून जवळ तर विचारूच नका. हॉल उजळाईवाडीच्या बाजूचा, म्हणजे कोल्हापूर विमानतळाजवळचा असला तर ॲडव्हान्स घ्यायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाईटवरचा नकाशा बघावा लागतो, लग्नाच्या दिवशी सकाळी बघून उपयोग नाही. आणि ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते असेल तर पोस्टमध्ये एका ओळीत लिहावं, मुलीचे वडील ते नक्की वाचतात.

आता रानाची पोस्ट, आणि इथं जरा सविस्तर सांगतो कारण इथं आम्ही सगळ्यात जास्त चुकलो.

बागायतदाराची शंका साधी असते, या व्हिडिओचा मला उपयोग काय? लग्नाचा व्हिडिओ ही आठवण असते त्यामुळं उपयोग विचारत नाही कोणी, रानाच्या व्हिडिओचा मात्र हिशोब लागतो. आणि आम्ही काय दाखवत होतो तर सूर्य मावळताना बागेवरून सरकणारा ड्रोन, मागे संगीत, म्हणजे लग्नाचीच रील पण नवरा-नवरीशिवाय. एक ओळखीचे अण्णा म्हणाले, "झ्याक दिसतंय रं, पण ह्यात द्राक्षं कुठायत?" तेव्हा लख्ख कळलं. वरून बघितलं की बागेत नुसता पाला दिसतो, घड सगळे पाल्याच्या खाली लोंबत असतात! ज्या व्यापाऱ्याला माल बघायचाय त्याला ड्रोनच्या व्हिडिओत माल दिसतच नाही. बरं ड्रोन दोन ओळींच्या मधून खालून न्यावा म्हटलं तर मांडवाच्या तारा आणि पक्ष्यांची जाळी, ती बारीक तार ड्रोनच्या सेन्सरला कळत नाही, आमचा एकदा अडकून पंखे तुटलेत. त्यामुळं घडांचं शूटिंग हातातल्या कॅमेऱ्यानेच करायचं आणि पोस्टमध्ये तसंच सांगायचं.

मग ड्रोनने काय दिसतं? एक उदाहरण घेतो. तीन एकराची बाग, मालकाला बाहेरच्या व्यापाऱ्याला दाखवायचीय. आमच्या ड्रोनची लेन्स २४ एमएमच्या बरोबरीची आहे, म्हणजे सरळ खाली बघितलं की जेवढी उंची त्याच्या दीडपट रुंदी फ्रेममध्ये येते. साठ मीटरवर नव्वद मीटर रुंदी आणि आडव्या व्हिडिओत साधारण पन्नास मीटर लांबी, म्हणजे एका फ्रेममध्ये ४५ गुंठे, एकरापेक्षा थोडं जास्त. तीन एकर बाग तीन फ्रेममध्ये बसते आणि ओळीत झाड मेलेलं असलं तर ती मोकळी जागा, म्हणजे गॅप दिसते. पण फोर के व्हिडिओत त्या उंचीवरून एका पिक्सेलमध्ये सव्वादोन-अडीच सेंटीमीटर जागा येते, त्यामुळं पानावरचा डाऊनीचा डाग दिसत नाही म्हणजे नाही. "ड्रोनने रोग ओळखा" असं आमच्यासारख्या व्हिडिओवाल्याने लिहिणं म्हणजे फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत.

वेळ पण वेगळी लागते. लग्नाला आम्ही संध्याकाळचं तिरपं ऊन शोधतो, कपड्यांचे रंग आणि दागिने त्यात खुलतात. बागेचं वरून सरळ शूटिंग मात्र दुपारी बाराच्या आसपास, कारण तिरप्या उन्हात एका ओळीची सावली दुसऱ्या ओळीच्या मधल्या जागेवर पडते आणि गॅप कुठली, सावली कुठली ते कळत नाही. आणि बाग पाल्याने भरली की शेजारच्या वेलीचा पाला मेलेल्या झाडाची जागा झाकतो, म्हणून ज्याला गॅप मोजायच्यात त्याने ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी बोलवावं, जानेवारीत नाही. जानेवारीत बोलवायचं ते रस्ता, बाग, शेततळं आणि शेड एकमेकांपासून किती लांब आहे हे दाखवायला. ट्रक बांधापर्यंत येतो का हे व्यापारी पहिलं विचारतो, आणि ते चाळीस मीटरवरून रस्त्याच्या बाजूने घेतलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तिरप्या शॉटमध्ये समजतं.

हे सगळं कळल्यावर रानाची पोस्ट अशी झाली:

"ही फवारणी नाही आणि मोजणी पण नाही, हे बागेचं व्हिडिओ शूटिंग आहे. व्यापाऱ्याला, किंवा बाहेरगावी असलेल्या भावाला बाग, रस्ता, शेततळं, शेड एका व्हिडिओत दाखवा. वरचं ड्रोनने, घडांचं हातातल्या कॅमेऱ्याने. दर एका फेरीचा, तीन एकरापर्यंत. गट नंबर आणि गाव पाठवा."

पहिल्या ओळीतच "नाही" दोनदा आलंय, जाहिरातीत नाही म्हणू नये असं मला एकाने सांगितलं होतं, पण त्या ओळीने फवारणीचे फोन बऱ्यापैकी थांबले. आणि दर फेरीचा लिहिण्याचं कारण तेच, एकरी दर दिसला की वाचणारा परत फवारणीवरच जातो. तसं पण आमचा खर्च जायच्या-यायच्या अंतराचा आणि बॅटरीचा, दीड एकर असो नाहीतर तीन, ड्रोन तेवढाच वेळ वर असतो.

मोजणीचं मात्र फोनवर पण परत सांगावं लागतं. व्हिडिओत बांध दिसतो, पण बांध म्हणजे हद्द नव्हे, हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते. एकदा एका दादांनी आमचा व्हिडिओ शेजाऱ्याला दाखवून "बघ, तुझा बांध माझ्यात आलाय" म्हणून भांडण काढलं आणि शेजारी आमच्या दुकानात आला. तेव्हापासून भांडण चालू असलेल्या बांधावर आम्ही ड्रोन उडवत नाही, आणि शेजाऱ्याचं घर किंवा अंगण फ्रेममध्ये आलं तर तो तुकडा कापूनच व्हिडिओ देतो.

टाकायची जागा पण सांगतो. लग्नाची पोस्ट उभी रील, इन्स्टाग्रामला, तुळशीच्या लग्नाच्या आधी महिनाभर, कारण तारखा तेव्हा पक्क्या होत असतात आणि घरातली तरुण पोरं ती बघून मोठ्यांना दाखवतात. रानाची पोस्ट आडवी, द्राक्ष उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर, आणि व्हिडिओच्या आधी एक साधा फोटो, कारण रानात रेंज नसते आणि व्हिडिओ उघडत नाही. त्या फोटोवर गुंठ्यांचा आकडा आणि उंची लिहिलेली असते, "६० मीटर, ४५ गुंठे". आमच्या ग्रुपवर त्या फोटोवर जेवढे प्रश्न आले तेवढे कुठल्याच रीलवर आले नाहीत.