नावाच्या रकान्यात फक्त नाव लिहा

गूगलवरचं तुमच्या दुकानाचं पान आम्ही भरून दिलं, की काही गिऱ्हाइकांचा महिन्या-दोन महिन्यांत फोन येतो, “अहो, आमचं पान गायब झालंय!” पान गायब झालेलं नसतं, सस्पेंड झालेलं असतं. आणि बहुतेक वेळा आधी घरच्याच कोणीतरी दुकानाच्या नावात भर घातलेली असते. म्हणून हे पत्रक.

सदाशिव पेठेतल्या एका लेडीज टेलरबाईंचं घ्या. दुकानाच्या पाटीवर दोनच शब्द. भाच्याने मोबाइलवर त्या दोन शब्दांपुढे ‘बेस्ट ब्लाउज स्टिचिंग पिको फॉल सदाशिव पेठ पुणे’ एवढं जोडलं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला फोन वाढलेसुद्धा. पण गूगलचा नियम असा की पाटीवर जे नाव आहे, लोक ज्या नावाने ओळखतात, तेच लिहायचं. त्यात सेवा, पेठ, ‘बेस्ट’ काहीही चालत नाही. शिवाय पान बघणारा कोणीही ‘Suggest an edit’ दाबून चूक कळवू शकतो. शेजारचा टेलरही. ऐन लग्नसराईत पान नकाशावरून उतरलं.

परत आणायला अपील करावं लागतं. पुरावे जोडायचा फॉर्म उघडला की साठ मिनिटांत कागद चढवायचे असतात. पाटीचा स्वच्छ फोटो, शॉप अ‍ॅक्टचा कागद, दुकानाचं लाइट बिल. बाईंच्या शॉप अ‍ॅक्टवर नाव एक आणि पाटीवर दुसरं. तीन आठवडे त्यातच गेले. अपिलाचे पैसे आम्ही वेगळे घेतो, त्याचं कारण हे. भाच्याचं काम निस्तरायला पान भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग ‘पिको फॉल’ लिहायचं कुठे? आधी कॅटेगरी बघा. मुख्य कॅटेगरी एकच असते, जोडीला आणखी नऊ घेता येतात. बाईंनी स्वतः पान उघडताना मुख्य कॅटेगरी ‘Clothing store’ ठेवली होती, त्यामुळे फोन यायचे ते “साड्या आहेत का?” विचारायला. आम्ही ती ‘Tailor’ केली आणि जोडीला ‘Dressmaker’ व ‘Clothing alteration service’ घेतल्या. त्यानंतर सेवांच्या यादीत एकेक काम वेगळं लिहिलं: पिको, फॉल-बिडिंग, अस्तराचा ब्लाउज, जुना ब्लाउज उसवून सैल करणे. देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण लोक pico fall असंही टाइप करतात. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. ते माणसांनी वाचायचं असतं, तिथे शब्दांची माळ लावू नका.

“बाणेर, हडपसर, वाकड सगळं टाका” असा आग्रहही होतो. टाकून उपयोग नाही. शोधणारा माणूस तुमच्यापासून किती लांब आहे, हे गूगल बघतंच. वाकडच्या माणसाला पेठेतला टेलर पहिला दिसणार नाही, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आम्हालाही नाही.

पत्त्यात ‘अमुक मारुतीसमोर’ लिहून भागत नाही, पिन दुकानाच्या दारावर हवी. वाड्याच्या मागच्या बोळात पिन पडली, तर लक्ष्मी रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर गिऱ्हाईक पुढे निघून जातं आणि वळसा घालून परत येण्याऐवजी दुसरीकडे शिरतं. पिन लावायला आमचा माणूस स्वतः येतो, तो याचसाठी.

वेळेचं सांगताना लाज बाळगू नका. दुपारी दुकान बंद असेल तर तसं लिहा. वेळ लिहिताना ‘Add hours’ दाबलं की एकाच दिवशी दोन वेळा टाकता येतात, 10 ते 1 आणि 5 ते 9. 10 ते 9 सरसकट लिहिलंत, तर तीन वाजता कुलूप बघून गेलेला माणूस एक स्टार देतो. विसर्जनाचा दिवस, दिवाळीची सुट्टी ‘Special hours’मध्ये टाका. चार दिवसांच्या सुट्टीसाठी ‘तात्पुरतं बंद’ करू नका. ते परत उघडायचं राहून जातं आणि पानावर दुकान बंदच दिसत राहतं. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या सणाच्या वेळा आम्ही फुकट भरून देतो, फक्त आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅप करा.

पान तुमच्याच जीमेलवर असतं, आम्ही त्यात फक्त मॅनेजर राहतो. उद्या आमचं काम नको झालं, तर आम्हाला काढून टाका, पान तुमच्याकडेच राहील. तोवर एकच विनंती. नाव बदलायचं असेल तर आधी पाटी बदला, मग आम्हाला फोन करा. नाव बदललं की कधीकधी गूगल दुकानाचा व्हिडिओ काढून पुन्हा पडताळणी मागतं, त्या वेळी पाटी तयार असलेली बरी.

फोन सकाळी 10 ते 1 आणि 4 ते 8. दुपारी आम्हीही बंद असतो. आमच्या पानावर तसं लिहिलेलं आहे.