युजर आयडी लॉक होणं वेगळं, पासवर्ड विसरणं वेगळं

बँकेच्या काउंटरवर रोज कोणीतरी येऊन सांगतं, "नेटबँकिंग बंद पडलंय, पासवर्ड बदलून द्या." खरं तर त्याला नवा पासवर्ड नको असतो, लॉक काढून हवा असतो. कधी याच्या उलट होतं. दोन्हींत लॉगिन होत नाही, म्हणून माणूस दोन्हींना एकच नाव देतो. पण शाखेत फॉर्मवर कुठल्या चौकोनात खूण केली, यावर पुढचं सगळं ठरतं.

बँकेच्या सर्व्हरवर तुमच्या युजर आयडीसमोर पासवर्ड असतो आणि त्याच्या शेजारी चुकांचा एक मोजणी-आकडा असतो. चुकीचा पासवर्ड टाकला की आकडा एकने वाढतो, बरोबर टाकून आत गेलात की सहसा शून्यावर येतो. बँकेने ठरवलेली मर्यादा, बहुधा तीन किंवा पाच, गाठली की आयडी लॉक होतो. त्यानंतर बरोबर पासवर्ड टाकला तरी दार उघडत नाही. लॉक काढणं म्हणजे फक्त तो आकडा शून्यावर आणणं. जुना पासवर्ड जसाच्या तसा राहतो. रीसेटमध्ये पासवर्डच बदलतो. काही बँकांत रीसेटबरोबर लॉकही निघतो, काहींत निघत नाही, आणि मग नवा कोरा पासवर्ड हातात असूनही माणूस बाहेरच.

आपलं नक्की काय झालंय हे ओळखायचं कसं? स्क्रीनवरच्या संदेशावर फार विसंबू नका. बऱ्याच बँका मुद्दाम मोघम लिहितात, म्हणजे पासवर्डचे अंदाज लावणाऱ्या चोराला काही कळू नये. त्यापेक्षा लॉक झाल्याचा एसएमएस किंवा ईमेल आलाय का ते बघा. आला असेल आणि पासवर्ड पक्का आठवत असेल, तर आधी थांबा. अनेक ठिकाणी लॉक तात्पुरता असतो, चोवीस तासांनी किंवा तारीख बदलली की आपोआप निघतो. मधे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर काही बँकांत मुदत वाढते.

एक नेहमीचा प्रकार बघा. समजा, एका बाईंनी रविवारी मोबाइलवरून पासवर्ड बदलला. घरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरने मात्र जुना जपून ठेवलाय. सोमवारी त्या लॅपटॉपवर बसल्या, ब्राउझरने टिंबांची ओळ आपणहून भरली, त्यांनी तीनदा बटण दाबलं आणि आयडी लॉक. मंगळवारी लॉक निघाला, संध्याकाळी पुन्हा तेच. शाखेत जाऊन कितीही वेळा लॉक काढून घेतला तरी हे थांबणार नाही, कारण बिघाड ब्राउझरमध्ये आहे. तिथला जपलेला पासवर्ड पुसून हाताने नवा टाकला की प्रश्न मिटला. दुखणं असं परत परत येत असेल तर आधी हेच तपासा.

आणि तुम्ही एकही प्रयत्न केला नसताना लॉक झालं असेल, तर कोणीतरी दुसरा तुमच्या आयडीवर हात मारत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लॉक काढून गप्प बसू नका, पासवर्डबरोबर युजर आयडीही बदलून मागा.

ऑनलाइन जमलं नाही तर शाखेत जावं लागतं. लॉक काढण्यासाठी खातेदाराने स्वतः जावं. संयुक्त खात्यात प्रत्येकाचा युजर आयडी वेगळा असतो, त्यामुळे ज्याचा लॉक झालाय त्यानेच. खाते क्रमांक किंवा ग्राहक क्रमांक, युजर आयडी आणि मूळ फोटो ओळखपत्र बरोबर न्या, नुसती झेरॉक्स पुरेल असं धरू नका. अर्जावरची सही बँकेकडच्या नमुना सहीशी जुळायला हवी. जुनं खातं असेल तर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अर्जात "पासवर्ड माहीत आहे, फक्त लॉक काढावा" असं स्वच्छ लिहा. जुना पासवर्ड मात्र कोणालाही सांगू नका. कर्मचाऱ्याला तो दिसत नाही आणि लागतही नाही. साधारणपणे एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा अधिकारी मंजुरी देतो, म्हणून काउंटरवर उभं राहून लगेच काम झालं नाही तर नवल नाही.

रीसेटला हीच कागदपत्रं लागतात, पण खरी भिस्त नोंदणीकृत मोबाइलवर असते. तात्पुरता पासवर्ड किंवा ओटीपी बहुधा त्यावरच येतो. काही बँका तात्पुरता पासवर्ड बंद पाकिटातून देतात. त्याची मुदत थोडी असते आणि पहिल्याच लॉगिनला तो बदलावा लागतो. मोबाइल नंबर बदललेला असेल तर रीसेटचा अर्ज नंतर, आधी नंबर बदलाचा अर्ज द्या. तो नोंदवला गेल्याचा एसएमएस नव्या नंबरवर आल्यावरच दुसरा फॉर्म भरा, नाहीतर पासवर्ड जुन्या सिमवर जाईल.