एकच वर्गसमीकरण, दोन प्रश्न: ऋण मूळ केव्हा ठेवायचे आणि केव्हा सोडायचे

पुढील दोन शाब्दिक उदाहरणे एकापाठोपाठ वाचावीत. पहिले असे: दोन क्रमागत सम पूर्णांक संख्यांचा गुणाकार 48 आहे, तर त्या संख्या काढा. दुसरे असे: एका दोन अंकी संख्येतील एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा 2 ने मोठा असून दोन्ही अंकांचा गुणाकार 48 आहे, तर ती संख्या काढा. पहिल्यात लहान संख्या x मानली आणि दुसऱ्यात दशकस्थानचा अंक x मानला, तर दोन्हीकडे x(x + 2) = 48 हेच समीकरण मिळते. ते x² + 2x − 48 = 0 असे लिहून अवयव पाडले की (x + 8)(x − 6) = 0 येते, म्हणून x = 6 किंवा x = −8.

येथपर्यंत दोन्ही उदाहरणांत काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो −8 या मुळाचे काय करायचे, या प्रश्नाशी आल्यावर, आणि नेमके तेथेच अनेक विद्यार्थी सवयीने दोन्हीकडे एकच वाक्य लिहितात: “संख्या ऋण नसते, म्हणून x = −8 ग्राह्य नाही.” पहिल्या उदाहरणात हे वाक्य चूक आहे. दुसऱ्यात त्याचा निष्कर्ष बरोबर असला, तरी दिलेले कारण बरोबर नाही.

पहिले उदाहरण पूर्णांक संख्यांबद्दल बोलते, आणि पूर्णांकांत ऋण संख्या येतातच. x = −8 घेतल्यास पुढची सम संख्या −6 येते, आणि (−8) × (−6) = 48. अट पूर्ण होते, म्हणून 6 व 8 ही एक जोडी आणि −8 व −6 ही दुसरी जोडी, अशी दोन्ही उत्तरे लिहिलीच पाहिजेत. ही दुसरी जोडी योगायोगाने आलेली नाही. दोन संख्यांच्या मधली संख्या y मानून पाहावी: (y − 1)(y + 1) = 48, म्हणजे y² = 49, म्हणजे y = 7 किंवा y = −7. या मांडणीत दोन्ही मुळे एकाच तोलाची आहेत हे सरळ दिसते, आणि त्यांपैकी एकाला दूर करण्याचे कारण समीकरणात कोठेही सापडत नाही. असे कारण प्रश्नाच्या शब्दांतच असू शकते. त्याच प्रश्नात “सम पूर्णांक” ऐवजी “सम नैसर्गिक संख्या” असे म्हटले असते, तर नैसर्गिक संख्या 1 पासून सुरू होत असल्यामुळे −8 सोडावे लागले असते आणि 6 व 8 एवढेच उत्तर उरले असते. म्हणून क्रमागत संख्यांच्या उदाहरणात मूळ सोडण्यापूर्वी “पूर्णांक” की “नैसर्गिक” हा शब्द परत वाचणे, हे आकडेमोडीइतकेच आवश्यक काम आहे.

अंकांच्या उदाहरणात परिस्थिती निराळी आहे, कारण तेथे x ही कोणतीही संख्या नसून अंक आहे, आणि अंक 0 ते 9 यांपैकीच असतो. दोन अंकी संख्येच्या दशकस्थानी तर 1 ते 9 यांपैकीच. −8 या यादीत नाही, म्हणून ते ग्राह्य नाही. येथे एखादा जागरूक विद्यार्थी चांगली शंका काढतो: दशकस्थानी −8 आणि एककस्थानी −6 ठेवल्यास 10 × (−8) + (−6) = −86 येते, मग −86 हे उत्तर का नको? या शंकेचे उत्तर नियम सांगून न देता संख्येकडे पाहून द्यावे. −86 मधील अंक 8 आणि 6 आहेत. वजाचे चिन्ह संपूर्ण संख्येचे आहे, अंकांचे नाही. त्यांचा गुणाकार 48 आहे खरा, परंतु एककस्थानचा 6 हा दशकस्थानच्या 8 पेक्षा 2 ने लहान आहे, आणि अट तर मोठा असण्याची होती. म्हणजे −86 ही संख्या मूळ विधानातच बसत नाही. उत्तर 68 हे एकच.

अंकांवरचे हे बंधन दुसऱ्या बाजूनेही लागू होते, आणि ती बाजू सहज विसरली जाते. गुणाकार 48 ऐवजी 120 दिला, तर x² + 2x − 120 = 0 ची मुळे 10 आणि −12 येतात. क्रमागत सम पूर्णांकांसाठी 10 व 12 तसेच −12 व −10 ही दोन्ही उत्तरे चालतात. अंकांच्या उदाहरणात मात्र 10 हे धन आणि पूर्णांक असूनही अंक नाही, त्यामुळे दोन्ही मुळे जातात आणि अशी दोन अंकी संख्याच नाही, असे लिहावे लागते.

आता अपूर्णांक मुळाकडे वळू. एका दोन अंकी संख्येत एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा 3 ने मोठा आहे आणि ती संख्या अंकांच्या गुणाकाराच्या दुप्पट आहे. दशकस्थानचा अंक x मानल्यास एककस्थानी x + 3 आणि संख्या 10x + (x + 3), म्हणजे 11x + 3. (दशकस्थानच्या अंकाला 10 ने गुणायचे राहून गेले, तर पुढचे सगळे समीकरणच बदलते.) दिलेल्या अटीवरून

11x + 3 = 2x(x + 3)
2x² − 5x − 3 = 0
(2x + 1)(x − 3) = 0

म्हणून x = 3 किंवा x = −1/2. x = 3 वरून संख्या 36 मिळते, आणि 2 × 3 × 6 = 36 हा ताळाही जुळतो. पण x = −1/2 समीकरणात ठेवून पाहावे. डावी बाजू −5.5 + 3 = −2.5, आणि उजवी बाजू 2 × (−0.5) × 2.5 = −2.5. दोन्ही बाजू तंतोतंत समान येतात, कारण −1/2 हे त्या समीकरणाचे खरे मूळ आहे. समीकरणात x ला कोणतीही वास्तव किंमत घेण्याची मोकळीक आहे. तो अंक आहे ही माहिती समीकरण लिहिताना मागेच राहिली. म्हणून ताळा समीकरणात करून भागत नाही, तो प्रश्नाच्या मूळ विधानात करावा लागतो.

क्रमागत संख्यांच्या उदाहरणात पूर्णांक नसलेली मुळे आली, तर बहुधा दोन्ही एकदमच जातात. दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार 150 असेल, तर x² + x − 150 = 0 चा विवेचक 1 + 600 = 601 येतो. 24² = 576 आणि 25² = 625 असल्याने 601 ही पूर्ण वर्ग संख्या नाही, मुळे अपरिमेय आहेत, आणि असे पूर्णांक अस्तित्वात नाहीत. मुळे पूर्णांक असूनही अडचण येऊ शकते. “दोन क्रमागत विषम संख्यांचा गुणाकार 168” या विधानावरून x(x + 2) = 168, म्हणून x = 12 किंवा −14. दोन्ही पूर्णांक आहेत, पण सम आहेत. पुढची विषम संख्या x + 2 लिहिताना x विषम आहे असे आपण गृहीत धरले होते. समीकरणाला मात्र सम-विषमाचा भेद कळत नाही.

शून्याचा विचार दोन्हीकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. जी दोन अंकी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेच्या 4 पट आणि गुणाकाराच्या 3 पट आहे, तिच्यात पहिल्या अटीवरून एककस्थानचा अंक 2x येतो आणि दुसऱ्या अटीवरून 12x = 6x², म्हणजे x = 0 किंवा x = 2. येथे दोन्ही बाजूंना x ने भागून 0 गायब करू नये. ते मूळ लिहावे आणि दशकस्थानी 0 आल्यास संख्या दोन अंकी राहत नाही, असे कारण देऊन सोडावे. उत्तर 24. याउलट, दोन क्रमागत सम पूर्णांकांचा गुणाकार 0 असेल, तर 0 व 2 तसेच −2 व 0 या दोन्ही जोड्या उत्तरात राहतात.