मागणी आणि वातावरण: लैंगिक छळाच्या तक्रारीतले दोन प्रकार आले कुठून?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचं कुठलंही प्रशिक्षण घ्या, पहिल्या अर्ध्या तासात स्लाइडवर दोन चौकोन दिसतात. एकात ‘क्विड प्रो क्वो’, म्हणजे ‘माझं ऐकलंस तर बढती, नाहीतर बघ’. दुसऱ्यात ‘हॉस्टाइल एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे सौदा कुणी मांडत नाही, पण बोलणं, बघणं, मेसेज यांनी तिथे काम करणंच नकोसं होतं. गंमत अशी की आपल्या २०१३ च्या कायद्यात ‘क्विड प्रो क्वो’ हे शब्द कुठेच नाहीत. ही विभागणी अमेरिकेतल्या न्यायालयांत घडली. तिथे ती का घडली हे माहीत नसलं की आपल्याकडे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्या तक्रारदार बाईला नको ते प्रश्न विचारत बसतात.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत लिंगावरून भेदभाव करायला बंदी घातली. लैंगिक छळ हा शब्द त्यात नव्हता. त्यामुळे १९७० च्या दशकात ज्या बायका कोर्टात गेल्या, त्यांना आधी हा भेदभावच आहे हे पटवून द्यावं लागलं. बार्न्स खटला बघण्यासारखा आहे. ही बाई पर्यावरण खात्यात, आणि तीही समान संधी विभागाच्या संचालकाच्या हाताखाली काम करत होती. साहेबाला नकार दिला आणि तिची जागाच रद्द झाली. खालच्या कोर्टाने सांगितलं, हिच्यावर अन्याय झाला तो ती बाई आहे म्हणून नव्हे, तिने संबंध ठेवायला नकार दिला म्हणून! १९७७ मध्ये वरच्या कोर्टाने हा तर्क मोडीत काढला. ती बाई नसती तर ही मागणी तिच्याकडे झालीच नसती, एवढं साधं उत्तर होतं.

पण या मार्गाने दाद मिळायला काहीतरी ठोस गमवावं लागत होतं. नोकरी, बढती किंवा पगारवाढ गेली तर नुकसान कागदावर दिसतं. आणि काहीच गेलं नसेल तर? वॉशिंग्टनच्या तुरुंग खात्यातल्या बंडी नावाच्या कर्मचारी बाईचं असंच झालं. एकाहून अधिक वरिष्ठ तिच्या मागे लागले होते. तक्रार घेऊन ती ज्या साहेबाकडे गेली, त्यानेही तिच्याशी तसलंच बोलणं केलं. खालच्या कोर्टाने छळ झाल्याचं मान्य केलं, पण दाद दिली नाही, कारण नोकरीतलं काही हिरावलं गेलं नव्हतं. १९८१ मध्ये अपील कोर्टाने याचा धोका नेमका ओळखला. हाच नियम ठेवला तर कामावरून काढण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबून वरिष्ठ हवा तेवढा छळ करू शकतील. ‘वातावरण’ हा दुसरा प्रकार उभा राहिला तो ही पळवाट बुजवण्यासाठी. कायद्याच्या अभ्यासक कॅथरिन मॅकिनन यांनी १९७९ मध्येच हे दोन प्रकार वेगळे करून मांडले होते, आणि १९८० मध्ये तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने ते आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घेतले.

१९८६ मध्ये बँकेतल्या मिशेल व्हिन्सनचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. शिकाऊ टेलर म्हणून लागलेली ही बाई चार वर्षांत सहायक शाखा व्यवस्थापक झाली होती आणि बढत्या कामाच्या जोरावर मिळाल्या याबद्दल वाद नव्हता. म्हणजे ‘नाही म्हटलं म्हणून बढती गेली’ असं तिला म्हणता येत नव्हतं. तिचं म्हणणं होतं की नोकरी जाईल या भीतीने ती वरिष्ठाच्या मागण्यांना वर्षानुवर्षं बळी पडत गेली. बँकेचं म्हणणं, कसलंही आर्थिक नुकसान झालेलं नाही आणि संबंध असलेच तर ते मर्जीचे होते. न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. आर्थिक नुकसान नसलं तरी दाद मागता येते. आणि ती ‘मर्जीने’ गेली का, हा मुद्दाच नाही; ते वागणं तिला नकोसं होतं का, हे बघायचं. आपल्या कायद्याच्या कलम २(ढ) मधली व्याख्याही याच नकोशा वर्तनावर उभी आहे. ‘मग इतके दिवस का गेलीस त्याच्यासोबत?’ या प्रश्नाने तक्रार निकालात निघत नाही.

पुढे १९९८ मध्ये एलर्थ खटल्यात त्याच न्यायालयाने या दोन नावांचं महत्त्व बरंच कमी केलं. विक्री विभागातल्या एका मुलीला वरिष्ठाने सुनावलं होतं की तुझं इथलं आयुष्य मी खूप कठीण करू शकतो किंवा खूप सोपं. धमकी त्याने अमलात आणली नाही. उलट तिला बढती मिळाली. न्यायालयाने म्हटलं, धमकी अमलात आली नसेल तर तो दावा वातावरणाच्या प्रकारात बघायचा, आणि तिथे छळ गंभीर किंवा सतत चाललेला असल्याचं दाखवावं लागेल.

आपण नेमकी इथेच वेगळी वाट धरली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात दोन्ही प्रकार एकाच वाक्यात आले होते: विरोध केला तर भरतीत किंवा बढतीत तोटा होईल असं बाईला वाटण्याजोगं कारण असणं, किंवा कामाचं वातावरण प्रतिकूल होणं. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय पुढची अनेक वर्षं त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा करत राहिलं. २०१३ च्या कायद्याने तेच वाक्य कलम ३(२) मध्ये पाच तुकड्यांत फोडलं. पहिले तीन मागणीच्या बाजूचे: नोकरीत झुकतं माप देण्याचं आश्वासन, वाईट वागणूक देण्याची धमकी, आणि आत्ताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी. उरलेले दोन वातावरणाच्या बाजूचे: कामात अडथळा आणणं किंवा दहशतीचं, अपमानास्पद, प्रतिकूल वातावरण तयार करणं, आणि तब्येतीवर किंवा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी मानहानी. यातल्या चौथ्या तुकड्याची शब्दरचना अमेरिकी आयोगाच्या १९८० च्या मजकुराची थेट आठवण करून देते.

मात्र आश्वासन आणि धमकी, उघड असो वा सूचक, आपल्याकडे स्वतःच पुरेशी आहे. ती अमलात आली पाहिजे अशी अट नाही. ‘पण तुमचं अप्रेझल तर चांगलंच आलं की’ असं एखादा सदस्य म्हणतो तेव्हा तो नकळत अमेरिकी कसोटी लावत असतो. दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. पाचही तुकड्यांचा संबंध लैंगिक छळाच्या एखाद्या कृतीशी असावा लागतो. साहेब सगळ्यांवर खेकसतो, रजा देत नाही, एवढ्यावर प्रतिकूल वातावरणाची तक्रार या कायद्याखाली उभी राहत नाही.

आता तक्रारीचा कागद. एक कल्पित उदाहरण घेऊ. गोदामाच्या व्यवस्थापनात काम करणारी मुलगी लिहिते: ‘सर मला गेले वर्षभर त्रास देतात, घाणेरडं बोलतात, त्यांचं न ऐकल्यामुळे माझं करिअर खराब केलं.’ यातलं सगळं खरं असू शकतं, पण चौकशीला धरायला काही हाती लागत नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते:

‘८ मार्चला संध्याकाळी अप्रेझलचा फॉर्म भरताना सर म्हणाले, “रेटिंग माझ्या हातात आहे. शनिवारी लोणावळ्याला चल, मग बघू.” मी “घरी काम आहे” म्हणून उठले. ११ मार्चला त्यांनी व्हॉट्सअॅपवर “विचार केलास का?” असं विचारलं, स्क्रीनशॉट जोडला आहे. मागची दोन वर्षं मला ४ रेटिंग होतं, ते २ एप्रिलला २ झालं. फॉर्मवर फक्त त्यांची सही आहे.’

मागणीची तक्रार अशी साखळीने लिहायची असते. मागणीचे नेमके शब्द, मागणाऱ्याच्या हातात काय होतं, तिने काय केलं, आणि त्यानंतर काय घडलं. ‘घरी काम आहे’ हे तोंडावर दिलेलं ‘नाही’ नव्हे म्हणून ते गाळू नये; ज्याच्या हातात रेटिंग आहे त्याला नकार बहुधा असाच दिला जातो. आधीची रेटिंग जोडली नाहीत तर नंतरची घसरण दिसतच नाही.

वातावरणाची तक्रार वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते. तिथे एखादा प्रसंग वाचणाऱ्याला किरकोळ वाटतो, म्हणून सगळे प्रसंग तारीखवार मांडायचे, आणि प्रत्येक वेळी कोण हजर होतं तेही. ‘अश्लील बोलले’ न लिहिता बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, लाज वाटली तरी. आणि कामावर झालेला परिणाम, जो हटकून राहून जातो: रात्रपाळी बदलून मागितली, कॅन्टीनला जाणं सोडलं, त्या माणसाकडून सही हवी म्हणून फाईल दोन दिवस अडून राहिली. पाळी बदलण्याचा अर्ज हा इथे साक्षीदाराइतकाच कामाचा कागद आहे. एकच प्रसंग असला तरी तक्रार करता येते. अमेरिकेसारखी ‘गंभीर किंवा सतत’ची अट आपल्या कायद्यात नाही.

प्रत्यक्षात बहुतेक तक्रारींत दोन्ही असतं. मागणी धुडकावली की टोमणे सुरू होतात, किंवा टोमण्यांची परिणती मागणीत होते. तेव्हा एकच चौकोन निवडायची गरज नाही. एकाच अर्जात दोन भाग करावेत आणि लेबल लावायचं काम समितीवर सोडावं.

मुदतीच्या बाबतीत मात्र हा फरक चटका देऊ शकतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार आली होती. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात ऑगस्टमध्ये त्या प्राध्यापिकेला एका केंद्राच्या संचालकपदावरून हटवलं होतं, आणि ती छळाचीच पुढची कडी आहे असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. तो स्वतंत्र प्रशासकीय निर्णय ठरला आणि तक्रार मुदतबाह्य झाली. म्हणून रेटिंग किंवा बदलीवर भिस्त ठेवायची असेल, तर तो निर्णय कुणी घेतला, कुणाच्या शिफारशीवर, आणि मागणीशी त्याचा धागा कसा जुळतो हे अर्जातच लिहिलेलं हवं. धागा कच्चा असेल तर मुदत शेवटच्या मागणीपासूनच मोजलेली बरी.

अर्जाच्या शेवटी चौकशी संपेपर्यंतच्या दिलाशाची विनंती लिहिता येते, आणि तीही प्रकारानुसार बदलते. वातावरणाचा त्रास असेल तर दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा. मागणीचा मामला असेल तर या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ८ मधली तरतूद जास्त उपयोगी: चौकशी चालू असेपर्यंत त्या माणसाने तिच्या कामाचा अहवाल लिहायचा नाही, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. ही विनंती तिने लेखी करावी लागते, समिती आपणहून देईल अशा आशेवर राहू नये.