इंग्रजीतील नकार आणि नकारावर अवलंबून असणारे शब्द

प्रमाण इंग्रजीत एका उपवाक्यात नकार सहसा एकदाच येतो. ‘मला कोणी दिसले नाही’ हे ‘आय सॉ नोबडी’ किंवा ‘आय डिडन्ट सी एनीबडी’ असे सांगतात. ‘आय डिडन्ट सी नोबडी’ हा दुहेरी नकार अशुद्ध ठरतो. दोन नकार एकमेकांना खोडतात, हे त्यासाठी दिले जाणारे कारण अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणातून रूढ झाले. ते पटण्यासारखे नाही. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर एका वाक्यात तीन-चार नकार घालतो आणि अर्थ ठाम नकाराचाच राहतो. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत आणि लंडनच्या बोलीतही दुसरा नकार पहिल्याला दुजोराच देतो.

‘एनी’ आणि ‘एव्हर’ यांचे कोडे अधिक खोल आहे. ‘आय हॅव एव्हर सीन इट’ चालत नाही, ‘आय हॅवन्ट एव्हर सीन इट’ चालते. मग नकार हवा म्हणावे, तर ‘एव्हरी बॉय हू एट एनी फ्रूट फेल इल’ या वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी ते शुद्ध आहे. ‘एव्हरी बॉय एट एनी फ्रूट’ मात्र अशुद्ध.

याची उकल भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅडुसॉ यांनी 1979 च्या प्रबंधात केली. कसोटी सोपी आहे: ‘फळ’ काढून तिथे ‘आंबा’ घालावा. ‘फळ खाल्लेला प्रत्येक मुलगा आजारी पडला’ हे खरे असेल, तर ‘आंबा खाल्लेला प्रत्येक मुलगा आजारी पडला’ हेही खरेच. पण ‘प्रत्येक मुलाने फळ खाल्ले’ यावरून प्रत्येकाने आंबा खाल्ला असे निघत नाही. कोणी केळे खाल्ले असेल. व्यापक गोष्टीवरून तिच्यातल्या विशिष्ट गोष्टीबद्दलचे अनुमान जिथे टिकते, तिथेच ‘एनी’ बसतो. ‘फ्यू’ (फारच थोडे) त्याला चालवून घेतो आणि ‘अ फ्यू’ (काही थोडे) घेत नाही, तेही यामुळेच.

कसोटीला मर्यादा आहेत. ‘ओन्ली’नंतर ‘एव्हर’ चालतो, पण ‘फक्त रामने फळ खाल्ले’ यावरून त्याने आंबा खाल्ला असे ठरत नाही. प्रश्नार्थक वाक्यांनाही ती सरळ लागू होत नाही. ‘एनीवन कॅन कम’ मधला ‘एनी’ वेगळा. तिथे ‘वाटेल तो’ असा अर्थ असतो आणि नकाराची गरज नसते.

नकार फक्त वाक्यात असून भागत नाही, तो सहसा ‘एनी’च्या आधी यावा लागतो. मराठीत ‘कोणीही आले नाही’ म्हणताना नकार शेवटी येतो. तोच क्रम ठेवला की ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे वाक्य तयार होते आणि मराठी भाषकांच्या इंग्रजीत ते वारंवार ऐकू येते. ‘एनीबडी’ कर्त्याच्या जागी आला आणि त्याच क्रियापदाला पुढे ‘नॉट’ लागला की ही चूक ओळखावी. शुद्ध वाक्य ‘नोबडी केम’.