मुलांच्या प्रोफाइलमध्ये नको ते व्हिडिओ का दिसतात: गाळणीपासून मंजूर यादीपर्यंत

मुलासाठी वेगळा प्रोफाइल केला, रिस्ट्रिक्टेड मोडही चालू केला, तरी शिफारशींच्या रांगेत नको तो व्हिडिओ दिसतोच, अशी तक्रार पालक सतत करतात. बहुतेकांना वाटते की सेटिंग बिघडली आहे किंवा आपल्याकडून एखादे बटण राहून गेले आहे. काही वेळा तसे असतेही. पण बऱ्याचदा सेटिंग ठरवून दिलेले काम नीट करत असते, फक्त ते काम पालकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच लहान असते. ते इतके लहान का राहिले, हे यूट्यूबच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते, कारण तिथे एकामागून एक थर चढत गेले आणि जुने थरही तसेच राहिले.

त्यातला पहिला थर फेब्रुवारी 2010 मध्ये आला. त्याचे तेव्हाचे नाव सेफ्टी मोड. पुढे त्यालाच रिस्ट्रिक्टेड मोड म्हणू लागले. मूळ कल्पना वजाबाकीची होती: सगळे व्हिडिओ जागेवर ठेवायचे आणि त्यांतून प्रौढांसाठीचे वाटतील तेवढे लपवायचे. शाळा आणि ग्रंथालये यांच्यासारख्या ठिकाणी ही सोय विशेष उपयोगी पडली. कोणता व्हिडिओ लपवायचा हे ठरवताना शीर्षक, वर्णन, इतर माहिती, वयोमर्यादेची खूण आणि नियमभंगाच्या तपासणीचे निकाल असे संकेत पाहिले जातात. त्यामुळे ज्याचे शीर्षक निरागस आहे आणि ज्याच्यावर अजून कोणी तक्रार केलेली नाही, असा व्हिडिओ या गाळणीतून सहज खाली उतरतो.

हीच गाळणी उलट्या बाजूनेही चुकते, हे मार्च 2017 मध्ये उघड झाले. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींनी केलेले, आक्षेपार्ह काहीही नसलेले अनेक व्हिडिओ या मोडमध्ये दिसेनासे झाले आणि मोठा गदारोळ झाला. रोजच्या एकूण पाहण्यापैकी सुमारे दीड टक्काच या मोडमधून होते, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. एप्रिलमध्ये दुरुस्ती केल्यावर आणखी 1.2 कोटींहून अधिक व्हिडिओ या मोडमध्ये दिसू लागले. साधे व्हिडिओ लपणे आणि नको ते सुटणे या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: निर्णय मुख्यतः व्हिडिओभोवतीच्या खुणांवरून होतो.

मुलांसाठीचे स्वतंत्र यूट्यूब किड्स ॲप फेब्रुवारी 2015 मध्ये अमेरिकेत सुरू झाले. आता मुलांसाठी निवडलेला वेगळा संग्रह मिळणार, अशी अनेक पालकांची समजूत झाली. प्रत्यक्षात तिथेही मुख्य साइटवरचेच व्हिडिओ प्रामुख्याने स्वयंचलित छाननी करून येत होते. त्याच वर्षी मे महिन्यात ग्राहक आणि बालहक्क गटांनी या ॲपमध्ये सापडलेल्या अयोग्य व्हिडिओंची तक्रार ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे नेली.

नोव्हेंबर 2017 मध्ये हा प्रश्न जगभर चर्चेत आला. ओळखीची कार्टून पात्रे घेऊन हिंसक किंवा भीतिदायक प्रसंग रचलेले व्हिडिओ मुलांच्या ॲपमध्येही पोहोचले होते. ते तिथवर कसे पोहोचले हे नीट पाहण्यासारखे आहे. अशा व्हिडिओच्या शीर्षकात पात्राचे नाव, रंगांची नावे, बालगीताचा शब्द आणि ‘शिका’ अशा अर्थाचा शब्द एकापुढे एक रचलेला असे, आणि छाननीला तो बालशिक्षणाचाच व्हिडिओ वाटे. शिफारस यंत्रणा तर आधी काय पाहिले गेले आणि कोणत्या व्हिडिओनंतर काय पाहिले जाते यावर चालते. मूल बालगीतापासून सुरुवात करते, पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो, त्यानंतरचा त्याच पात्राचा निघतो आणि पाचव्या-सहाव्या उडीला नक्कल केलेला व्हिडिओ समोर येतो. पहिला व्हिडिओ लावून देऊन स्वयंपाकघरात गेलेल्या पालकाला ही साखळी दिसतच नाही.

खरे वळण आले ते 2018 मध्ये. त्या वर्षी पालकाने स्वतः मंजूर केलेलेच व्हिडिओ, चॅनेल आणि संग्रह दिसतील असा पर्याय किड्स ॲपमध्ये आला आणि वजाबाकीऐवजी प्रथमच बेरजेचा मार्ग मिळाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात तत्त्वतः वेगळी अशी ही एकच सुधारणा आहे. 2019 मधले चार वर्षांपर्यंत, पाच ते सात आणि आठ ते बारा असे वयोगट म्हणजे त्याच जुन्या गाळणीची लहान-मोठी छिद्रे होत.

नेटफ्लिक्ससारख्या सेवांची अडचण वेगळी आहे. तिथला संग्रह बंदिस्त असतो, म्हणून अनोळखी कोणी काही चढवण्याचा प्रश्न येत नाही. पण वयोमानांकन आणि घरातले मत जुळेलच असे नाही. एप्रिल 2020 मध्ये तिथे प्रत्येक प्रोफाइलला पिन लावण्याची आणि एखादी मालिका नावानिशी वगळण्याची सोय आली. या पिनची गरज मुलाच्या नव्हे, तर मोठ्यांच्या प्रोफाइलला असते, हे मात्र हमखास विसरले जाते.

आता एक प्रसंग धरू. सहा वर्षांच्या मुलाच्या किड्स प्रोफाइलमध्ये एका पात्राचे भीतिदायक व्हिडिओ वारंवार येत आहेत. पालक एक व्हिडिओ ब्लॉक करतात आणि दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा येतो. इथे व्हिडिओपेक्षा चॅनेल ब्लॉक करणे बरे. तरीही तोच मजकूर दुसऱ्या चॅनेलवर असू शकतो. म्हणून पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी पाहण्याचा इतिहास पुसावा, नाहीतर शिफारशी त्याच पात्राभोवती फिरत राहतात. मग शोध बंद करावा. एवढ्यावर भागले नाही, तर Approve content yourself हा पर्याय निवडून मोजके चॅनेल मंजूर करावेत. मात्र चॅनेल मंजूर करणे म्हणजे त्यावर उद्या येणारे व्हिडिओही मंजूर करणे असते, म्हणून भरवसा नसेल तिथे सुटे व्हिडिओच निवडावेत. पालकांच्या सेटिंगचे कुलूप मुळात गुणाकाराच्या प्रश्नाने उघडते. पाढे पाठ झालेल्या मुलाला तो अडवू शकत नाही. त्याऐवजी स्वतःचा चार अंकी पासकोड ठेवावा.

मूल मुख्य यूट्यूब वापरत असेल, तर रिस्ट्रिक्टेड मोड त्या त्या ब्राउझरपुरता आणि उपकरणापुरताच असतो, ही बाब निर्णायक ठरते. फोनवर तो चालू केला म्हणून टीव्हीवर चालू होत नाही, आणि एकाच ब्राउझरमध्ये अनेक प्रोफाइल असतील तर प्रत्येकात तो वेगळा लावावा लागतो. तो चालू आहे की नाही हे प्रतिक्रियांवरून चटकन कळते: या मोडमध्ये व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत. त्या दिसत असतील, तर त्या उपकरणावर मोड बंद आहे असे समजावे.

घरातल्या सगळ्या उपकरणांवर तो एकदम लावायचा असेल, तर आपल्या नेटवर्कच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, www.youtube.com, m.youtube.com आणि यूट्यूबची संबंधित नावे restrict.youtube.com कडे वळवता येतात. त्याहून सौम्य पातळीसाठी restrictmoderate.youtube.com हे नाव आहे. अशी नोंद करू देणारा राउटर किंवा वेगळी डीएनएस व्यवस्था मात्र हवी. जे उपकरण स्वतःचा वेगळा डीएनएस वापरते किंवा वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर जाते, त्याला ही नोंद लागू होत नाही, म्हणून तिथे मोड त्या उपकरणावरच लावावा लागतो.